अप्पांच्या घरी वाचलेलं पत्र

एक पाकीट पोचतं करायचं होतं, एवढंच काम. त्यात भिण्यासारखं काय असणार? पण पोरांनो, ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि खोटं रचायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्याच्याकडे औषधालाही नव्हती. आस्थापना शाखेतला हेडक्लार्क. रजा, वेतनवाढ, सेवापुस्तक, बदल्या. त्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरत नसे. सरका जरा आत. दिवे येतील तेव्हा येतील. दार राहू दे उघडं.

आपलंच खातं, पाणीपुरवठ्याचं. त्या हेडक्लार्कला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं तसाच किरकोळ, आणि बोलणंही टोचरं. शेजारच्या टेबलावर अप्पा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच बाकावर बसून रुजू अहवाल लिहिला, एकमेकांना अरे-तुरे. पुढे अप्पा अधीक्षक झाले आणि टाचणी हेडक्लार्कच राहिला. अप्पांना टेकडीवरच्या वसाहतीत दोन खोल्यांचं निवासस्थान मिळालं, गॅलरी असलेलं. टाचणी तेव्हा प्रतीक्षा यादीत त्यांच्या खालीच होता. तो तिथंच राहिला. आता ह्यात अप्पांचा काय दोष? पण असल्या हिशेबाला दोष लागत नाही. रोज समोर तोच हसरा चेहरा दिसला की पुरे.

सगळ्यात जास्त जळफळाट कशाचा व्हायचा सांगू? पत्रांचा.

नोकरीत असताना कुणी गेलं की घरच्यांना खात्याकडून सांत्वनाचं पत्र जातं. सही मुख्य अभियंत्याची, पण मजकूर अप्पांचा. लोकांच्या घरात ती पत्रं काचेच्या चौकटीत लावलेली असायची, फोटोशेजारी. टाचणी शेजारी बसून सगळं बघायचा, त्यामुळे ते पत्र कसं होतं हे त्याला तोंडपाठ होतं. आधी सेवापुस्तक काढून वारसाच्या नोंदीवरून नाव ताडायचं, काना-मात्रेसकट. कागद जाड, लेटरहेडचा. माथ्यावर विषय नाही, संदर्भ नाही, जावक क्रमांक नाही. तो फक्त कार्यालयाच्या प्रतीवर, जी त्या माणसाच्या वैयक्तिक फायलीत जाते. मायना कोरा सोडायचा, तो साहेबांनी स्वतःच्या हातानं शाईनं भरायचा. मृत्यूचं कारण लिहायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. फंड, उपदान, कुटुंब निवृत्तिवेतन, अनुकंपा नोकरी, ह्यातला एक शब्दही नाही. त्याचं पत्र निराळं, आठवड्यानं, निराळ्या पाकिटात. दोन्ही पत्रं कल्याण निरीक्षकानं स्वतः न्यायची, दुसऱ्या वेळी अर्जही भरून द्यायचे. सांत्वनाच्या पत्रात शेवटी फक्त एका माणसाचं नाव आणि फोन, काही लागलं तर हक्कानं बोलवा म्हणून.

आणि लिहिण्याआधी अप्पा उठून त्या माणसाच्या कामाच्या जागी जायचे. पंपावर, गोदामात, कुठंही. त्याच्याबरोबर डबा खाणाऱ्यांना विचारायचे, कसा होता रे?

एकदा टाचणीनं म्हटलं होतं, "अप्प्या, एवढं कशाला? 'कधीही भरून न निघणारी पोकळी' लिही आणि मोकळा हो. सगळे तेच लिहितात."

अप्पा म्हणाले, "त्या बाईला माहीत असतं रे, सोमवारी त्या खुर्चीवर दुसरा बसणार आहे. कशाला खोटं बोलायचं?"

तर हे अप्पा एका संध्याकाळी बसथांब्यावर उभे होते ते खालीच बसले. उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी मॅडमनी टाचणीला बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य अभियंता. डोळे लाल. म्हणाल्या, "अप्पांचं पत्र तुम्हीच लिहा. इतकी वर्षं शेजारी बसलात. त्यांच्या पद्धतीनं लिहा."

त्यांच्या पद्धतीनं! मेला तरी पद्धत त्याचीच. टाचणी जागेवर येऊन बसला, आणि बघतो तर काय, त्याला कुणाकडे जावंच लागलं नाही. लोकच त्याच्याकडे यायला लागले.

गाळणी केंद्रातला व्हॉल्व्हवाला आला. रात्रपाळीत त्याचे वडील गेल्याचा फोन आला होता. अप्पांनी त्याला गाडीवरून घरी सोडलं आणि परत येऊन रात्रभर त्याच्या जागी मीटर वाचत बसले. "क्लार्क माणूस, साहेब. पण सकाळी एक आकडा चुकलेला नव्हता. हे लिहा." झाडणारी मावशी आली. अप्पा दर पगाराला तिची चिठ्ठी वाचून दाखवायचे, मग म्हणायचे, आता तू वाच. "तसं करता करता आले की मला वाचता." टेलिफोनवाली आली आणि काही न सांगता नुसती रडून गेली.

टाचणी मान हलवत होता. लिहून घेतल्यासारखं करत होता. आत मात्र एकच प्रश्न कुरतडत होता. माझ्या वेळी कोण येईल? मी गेलो तर ह्या टेबलाशी कोण उभं राहील? त्यानं खूप आठवून पाहिलं. एकही चेहरा डोळ्यांपुढे येईना.

माणूस मेलेल्याचा हेवा करतो, ऐकलंय कधी? त्या दिवशी तो त्यानं केला. पोटभर.

आणि मग त्यानं पत्र लिहिलं. 'आपल्या पतीच्या दुःखद निधनाने खात्यात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांची सेवा नियमित व समाधानकारक होती.' समाधानकारक! हा शब्द आमच्याकडे ज्याच्याबद्दल काहीच चांगलं सुचत नाही त्याच्यासाठी वापरतात. व्हॉल्व्हवाला नाही, मावशी नाही, कुणी नाही. आणि खाली, जिथं मदतीला माणसाचं नाव द्यायचं, तिथं लिहिलं: 'मयताचे ओळखपत्र जमा करावे व सेवानिवासस्थान लवकरात लवकर रिक्त करून ताबा द्यावा.'

आता नियम काय आहे? नोकरीत माणूस गेला तर घरच्यांना काही महिने तिथं राहता येतं, अर्ज केला की मुदत वाढतेही. टाचणीइतकं ते कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. पण गॅलरी त्याच्या डोळ्यांपुढे होती. यादीत आता त्याच्या वर कुणी नव्हतं.

मॅडमची बैठक लांबली. रात्री आठच्या पुढे त्यांच्यापुढे कागद गेला. त्यांनी मायना भरायला पेन उचललं आणि अप्पांच्या बायकोचं नाव लिहितानाच त्यांना भरून आलं. चष्मा काढला. सही केली. वाचलं नाही. टाचणी समोर उभा. त्याला त्याही रडण्याचा हेवा वाटला.

"निरीक्षक रजेवर आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच नेऊन द्या. आजच. आजची तारीख घातलेलं पत्र आजच पोचायला हवं. नियम अप्पांचाच आहे."

आला का पुन्हा अप्पांचा नियम! पाकीट खिशात घालून हा निघाला. दारातूनच द्यायचं, दोन शब्द बोलायचे, वळायचं, असं ठरवून.

महिन्यातला शेवटचा सोमवार होता, अमावस्येची आदली रात्र. साडेनऊ वाजून गेलेले. टेकडीवर जायला दोन वाटा. एक मोठा रस्ता, वळशाचा. दुसरी जलवाहिनीच्या कडेनं चढत जाणारी पायवाट, तुम्ही रोज जाता तीच. एका बाजूला माणसाच्या छातीएवढा लोखंडी पाइप, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत. टाचणीला लवकर सुटायचं होतं. तो पाइपाच्या वाटेनं गेला.

थोडं चढल्यावर त्याला वाटलं, मागून कुणीतरी येतंय.

वळून बघितलं. कुणी नाही. पाइपात पाणी वाहतं त्याची घरघर येत असते, आपल्याला सवय आहे. तेच असेल म्हणाला. पुढे निघाला. पण पाणी वाहतं ते एकसारखं. हे एकसारखं नव्हतं. हा थांबला की ते थांबायचं. अगदी लगेच नाही. एक पाऊल उशिरा... दमलेला माणूस थांबतो तसं.

त्यानं पुन्हा मागं बघितलं नाही. झपझप चढत राहिला.

वसाहतीच्या फाटकावर रखवालदार खुर्चीत पेंगत होता. नवाच लागलेला, कुणाला ओळखत नव्हता. त्यानं कडी काढली, जांभई दिली आणि म्हणाला, "मागच्या साहेबांना सांगा, फाटक तेवढं ओढून घ्या."

"कुठले मागचे साहेब?"

"हे काय," रखवालदार म्हणाला. आणि बोट केलं.

टाचणीनं बघितलं नाही. जिना चढायला लागला. अर्ध्या जिन्यात असताना खाली फाटक ओढल्याचा आवाज आला. कडी लागल्याचाही.

दार अप्पांच्या बायकोनं उघडलं. तोंड सुजलेलं, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. टाचणीकडे बघून ती म्हणाली, "या भावजी." मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. जरा वेळ तिथंच राहिली. दार तिनं लावलं नाही.

आत अप्पांची मुलगी होती, कॉलेजात जाणारी. भिंतीशी खाटेवर अप्पांचे वडील. म्हातारा ठार बहिरा. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. पाटीवर लिहून दाखवायचे.

"खात्याचं पत्र," टाचणी म्हणाला. "मॅडमनी दिलंय. मी निघतो. उशीर झाला..."

"बसा ना भावजी. माझ्यानं अक्षरं दिसत नाहीत, डोळ्यांचं हे असं झालंय. तुम्हीच वाचा. ह्यांनी इतक्यांना पत्रं लिहिली. ह्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते ऐकू दे."

"उद्या सावकाश वाचा वहिनी."

"नको. आत्ताच."

मुलगीही म्हणाली, "वाचा ना काका."

तो बसला. पाकीट फोडलं. घडी उलगडली. तिच्या तोंडावर कसं वाचायचं, घर खाली करा म्हणून? ते वाक्य गाळू. शेवट खाऊन टाकू. बाकी घाईघाईत उरकू. असं मनाशी म्हणून त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला. त्याला स्वच्छ दिसत होतं: 'आपल्या पतीच्या दुःखद निधनाने...'

त्यानं तोंड उघडलं.

"तुमच्या घरचा माणूस," तो म्हणाला, "एका रात्री गाळणी केंद्रात एकटा बसला होता."

हे कागदावर नव्हतं.

तो थांबायला गेला. थांबता येईना. डोळे 'पोकळी' वाचत होते आणि तोंड व्हॉल्व्हवाल्याची गोष्ट सांगत होतं. सावकाश. एकेक शब्द जागच्या जागी. त्याचं बोलणं असं नव्हतंच कधी. मग मावशीची पगारचिठ्ठी आली. डोळ्यांपुढे 'समाधानकारक'. तोंडात मावशी कशी बोट ठेवून एकेक अक्षर लावायची, ते. मावशीनं बोटाचं काही सांगितलं नव्हतं त्याला.

अप्पांची बायको रडत होती. पण निराळं. दुखरी जागा चेपल्यावर माणूस रडतो तसं.

आणि खाटेवरून आवाज आला. "हो, बाळा."

म्हातारा. ठार बहिरा म्हातारा. दाराकडे बघत होता. मान डोलावत होता. "हो, बाळा... हो."

तोंड थांबेना. आता जे येत होतं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"काही लागलं तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलवा," तोंड म्हणालं. "त्याला सगळे नियम पाठ आहेत. हे घर इतक्यात सोडू नका. अर्ज तो लिहून देईल."

त्याचे डोळे त्या वेळी कुठल्या ओळीवर होते, कळतंय ना तुम्हाला? घर रिक्त करावे. त्याच ओळीवर.

मग तोंड थांबलं. दारातून गार वारा आला. त्याला वाटलं, सुटलो.

आणि अगदी हळू, "मला त्याचा फार हेवा वाटायचा."

अप्पांच्या बायकोनं मान वर केली.

"पत्र लिहिलं की रात्रभर झोप नाही. त्यांची घरं डोळ्यांपुढे. अंधारात स्वयंपाकघरात बसून राहायचो. आणि शेजारचा माणूस... संध्याकाळी डबा उचलायचा, घरी जायचा. झोपायचा. मी बघत राहायचो त्याच्या पाठीकडे. कसं जमतं रे तुला... कसं जमतं..."

बस्स.

तोंड मिटलं. त्याचं त्याला मिटता आलं.

म्हाताऱ्यानं पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला, खूप दिवसांनी झोप आल्यासारखा.

अप्पांच्या बायकोनं हात पुढे केला. "द्या."

आता काय करणार? कागदावर तर तेच मुर्दाड शब्द. सकाळी डोळे निवळल्यावर ती वाचणार. टाचणीनं कागद छातीशी धरला. "नावात... नावात एक चूक आहे वहिनी. काना राहिलाय. उद्या नीट करून आणतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. "नीट करूनच आणा," ती म्हणाली.

तो मोठ्या रस्त्यानं घरी गेला. झोपला नाही. अंधारात स्वयंपाकघरात बसून राहिला.

सकाळी मॅडम यायच्या आधी तो त्यांच्या दाराशी उभा होता. कागद पुढे ठेवला. मॅडमनी उभ्या उभ्याच वाचला. मग दार लावून घेतलं.

"ह्याच्यावर माझी सही आहे?"

"हो."

"का केलंत असं?"

टाचणी खाली बघत म्हणाला, "मला घर हवं होतं." मग म्हणाला, "ते पण खरं नाही. माझ्यासाठी असलं पत्र कुणी लिहिणार नाही म्हणून केलं."

मॅडमनी कागद फाडला, आणि कार्यालयाची प्रतही मागवून फाडली. "ह्याचं काय करायचं ते मी नंतर बघते. आधी दुसरं लिहा. ह्या वेळी मी वाचणार आहे."

तो लिहीत बसला. आदल्या रात्रीचे शब्द आठवतील तसे. जिथं अडला तिथं उठला, व्हॉल्व्हवाल्याकडे गेला, मावशीकडे गेला. मावशीला विचारलं, तू बोट ठेवून वाचायचीस? मावशी चमकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" शेवटी त्यानं मदतीसाठी स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोन घातला. मॅडमनी दोनदा वाचलं, मायना भरला, सही केली.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, तो पुन्हा टेकडीवर गेला. घराची मुदत वाढवण्याचा अर्जही बरोबर नेला, भरून. सहीपुरती जागा सोडलेली. अप्पांच्या बायकोनं पत्र स्वतः वाचलं, खिडकीशी उभी राहून. वाचून झाल्यावर म्हणाली, "सगळं आलंय. एक सोडून."

"ते लिहिता येत नाही वहिनी. मॅडमच्या सहीखाली ते कसं..."

"नकोच," ती म्हणाली. "ते मला माहीत होतं."

पुढे ते घर रिकामं झालं आणि यादी फिरली तेव्हा टाचणीनं आपलं नाव काढून घेतलं. पत्रं तोच लिहायचा, निवृत्त होईपर्यंत. चांगली लिहायचा. डोळ्यांखाली काळं साचलेलं असायचं त्याच्या. आणि नवा कुणी क्लार्क वेळेवर डबा उचलून निघाला की तो त्याच्या पाठीकडे असा काही बघायचा... जाऊ दे.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी तो निघाला तेव्हा मुलगी त्याच्या मागोमाग जिन्यात आली. हातात मोबाइल.

"काका, काल तुम्ही वाचत होतात ना, ते मी रेकॉर्ड केलं होतं. दादा परदेशी आहे, त्याला पाठवायला. तुम्ही एकदा ऐका."

त्यानं तिथंच ऐकलं, स्वतःच्या मोबाइलवरही घेतलं. पुढे मला पण ऐकवलं. म्हणून तर सांगतोय.

स्वच्छ आवाज येतो त्यात. पंख्याची कुरकूर. पाकीट फाडल्याचा आवाज. घडी उलगडल्याचा. अप्पांच्या बायकोचे हुंदके. लांबून म्हाताऱ्याचं "हो, बाळा". मग जरा वेळानं पुन्हा, "हो..."

आणि टाचणीचा आवाज?

तो नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर नाही. त्या खोलीत कुणी काही वाचलेलंच नाही.